भाड्याच्या फ्लॅटचा पत्ता धंद्याच्या नोंदणीला वापरायचा आहे, घरमालकांना काय आणि कसं विचारावं?

प्रश्न: मी घरी कापडी पाउच आणि डायरीची कव्हरं शिवते. आता मोठ्या ऑनलाइन साइटवर, राज्याबाहेरही विकायचंय, त्यासाठी जीएसटी नंबर लागतो म्हणतात. आम्ही भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो, करार मिस्टरांच्या नावावर आहे आणि त्यात ‘फक्त राहण्यासाठी’ असं लिहिलंय. दोन महिन्यांनी करार नव्याने करायचा आहे. घरमालक काका चांगले आहेत, पण ‘धंद्यासाठी एनओसी द्याल का’ म्हटल्यावर थेट नाही म्हणाले. लाइट बिल आमच्याकडेच येतं, ते लावून नोंदणी करून टाकू का? की काकांना पुन्हा विचारू? विचारलं तर नक्की काय मागू?

उत्तर:

पुन्हा विचारा, पण ‘धंद्यासाठी एनओसी’ हे शब्द न वापरता. का ते पुढे येईलच. जीएसटी नोंदणी आणि भाडेकरार ही दोन्ही कामं मी बरीच वर्षं करतो आहे, आणि या जागी अडलेली मंडळी मला सारखी भेटतात. घरमालकाचा विरोध तुमच्या शिलाई मशीनला नसतो. त्यांना दोन वेगळ्याच गोष्टींची भीती असते, आणि त्या दोन्हींवर कागदात उत्तर देता येतं.

त्याआधी नोंदणी खरंच लागते का, हे एकदा पाहून घेऊ. विनाकारण काकांना त्रास कशाला? वस्तू फक्त महाराष्ट्रातच विकणार असाल आणि वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल, तर १ ऑक्टोबर २०२३ पासून ऑनलाइन साइटवर विकायलाही पूर्ण जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. पोर्टलवर पॅन देऊन एक एनरोलमेंट नंबर घ्यायचा आणि त्यावर विक्री करायची. तुम्हाला मात्र राज्याबाहेर विकायचंय. साइटमार्फत दुसऱ्या राज्यात माल पाठवायचा तर उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी लागते. शिवाय एनरोलमेंट नंबर घेतानाही धंद्याचा पत्ता सांगावाच लागतो, म्हणजे पत्त्याचा प्रश्न तिथेही सुटत नाही. उद्यम नोंदणीचं तसं नाही. ती फुकट आणि स्वयंघोषणेवर होते, कागद जोडावे लागत नाहीत, त्यामुळे तिथे घरमालकाच्या सहीचा विषयच येत नाही. म्हणून सगळं जीएसटीभोवतीच बोलतो.

आता लाइट बिल लावून गुपचूप नोंदणी करण्याबद्दल. तांत्रिकदृष्ट्या ती बऱ्याचदा होऊनही जाते, म्हणूनच लोक करतात. पण हा पत्ता गुपित राहत नाही. नंबर मिळाला की पोर्टलवर कोणीही तो टाकून तुमचा `Principal Place of Business`, म्हणजे काकांच्या फ्लॅटचा पूर्ण पत्ता, पाहू शकतो. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे साइटला विक्रेत्याचा पत्ता ग्राहकांना दाखवावा लागतो. पाकीटबंद मालावर तयार करणाऱ्याचं किंवा पॅक करणाऱ्याचं नाव आणि पत्ता छापावा लागतो. न घेतलेलं पार्सलही याच दारात परत येतं. आणि जीएसटीच्या नियम १८ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्र धंद्याच्या जागी दिसेल असं लावायचं असतं, तर प्रवेशाजवळच्या नावाच्या पाटीवर जीएसटी नंबर हवा. म्हणजे फ्लॅटच्या दाराशी पाटी आली. अधिकारी जागा पाहायला आला तर तो फोटो काढतो, शेजारच्या काकू दार उघडून पाहतात, आणि संध्याकाळपर्यंत घरमालकांना फोन गेलेला असतो. हे सगळं त्यांना तुमच्याकडून कळलेलं केव्हाही बरं.

एका क्लायंटचं सांगतो. माझ्याकडे ते नंतर आले, निस्तरायला. घरमालकांना न सांगता त्यांनी नोंदणी केली होती. दीड वर्षाने फ्लॅट सोडला, ऑनलाइन विक्रीही तेव्हाच थांबवली, आणि नंबर तसाच ठेवून दिला. रिटर्न भरायचे बंद झाले. ईमेलही दुसऱ्या कोणाचा दिलेला, त्यामुळे पोर्टलवरच्या नोटिसा कोणी वाचल्याच नाहीत. कायद्यात नोटीस शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावर टपालाने पाठवता येते, आणि बाकी मार्ग जमले नाहीत तर त्या जागेवर डकवताही येते. तशी ती डकवली गेली, नव्या भाडेकरूच्या दारावर. नव्या भाडेकरूने घाबरून घरमालकांना फोन केला. घरमालक सत्तरीच्या पुढचे, त्यांना वाटलं आपल्यावरच कारवाई झाली. कर भाडेकरूचा, जबाबदारी भाडेकरूची, हे त्यांना समजावायला मला दोन बैठका लागल्या. त्यानंतर त्यांनी कुठल्याही भाडेकरूला कसलीही सही दिलेली नाही. तुमचे काका थेट ‘नाही’ म्हणाले, त्यामागे अशीच एखादी ऐकीव गोष्ट असण्याची शक्यता मला फार वाटते.

ही पहिली भीती झाली: तुम्ही निघून जाल आणि पत्ता मागे राहील.

दुसरी भीती जास्त खोल आहे, आणि ती बहुधा एजंटाने किंवा ओळखीच्या वकिलाने घातलेली असते. महाराष्ट्रात फ्लॅट लिव्ह अँड लायसन्सवर देतात, त्याचं मोठं कारण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चं कलम २४ आहे. मुदत संपूनही माणूस जागा सोडत नसेल, तर घरमालकाला दिवाणी कोर्टाच्या लांब रांगेत न जाता सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि मुदतीनंतरच्या दिवसांसाठी लायसन्स फीच्या दुप्पट दराने भरपाईही मागता येते. पण हा रस्ता ‘राहण्यासाठी’ दिलेल्या जागेसाठी आहे. कलमातले शब्दच तसे आहेत. घरमालकाने स्वतःच्या सहीने ‘जागा व्यवसायासाठी वापरण्यास हरकत नाही’ असं लिहून दिलं, तर उद्या वाद झाल्यावर समोरचा वकील तोच कागद पुढे करील आणि म्हणेल, ही जागा राहण्यासाठी नव्हतीच. मग ते कोर्टात टिको न टिको, घरमालकाची काही वर्षं त्यात जाऊ शकतात. त्याच कलमात लेखी करारातला मजकूर त्यातल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला आहे. म्हणजे करारात काय शब्द आहेत याला इथे फार वजन आहे.

म्हणून म्हटलं, ‘धंद्यासाठी एनओसी’ म्हणू नका. तुम्ही त्या दोन शब्दांत काकांकडे त्यांचं सगळ्यात मोठं संरक्षण सोडून द्यायला सांगितलंत, आणि तेही नकळत. तुम्हाला खरं तर त्याची गरजच नाही. तुम्हाला लागतंय ते इतकंच: जागा राहण्यासाठीच दिलेली आहे आणि तशीच राहील, फक्त तिथला पत्ता अमुक व्यक्तीच्या नोंदणीला वापरायला हरकत नाही. जागेचा वापर आणि पत्त्याचा वापर या दोन गोष्टी सुट्या केल्या की अर्धं भांडण मिटतं.

आणि गंमत म्हणजे, जागेचा वापर ‘राहण्यासाठी’ ठेवण्यात तुमचाही फायदा आहे, तोही रोख. १८ जुलै २०२२ पासून, राहण्याचा फ्लॅट जीएसटी नोंदणी असलेल्या व्यक्तीला भाड्याने दिला तर त्या भाड्यावर १८ टक्के कर लागतो, आणि तो घरमालकाने नाही, भाडेकरूने स्वतः भरायचा असतो. भाडं महिना २०,००० धरलं तर ३,६०० रुपये महिन्याला, वर्षाचे ४३,२००. लहान धंद्याचा नफा यातच जाईल. त्यावर १ जानेवारी २०२३ पासून एक सूट आली: नोंदणी असलेली व्यक्ती एकट्या मालकीच्या धंद्याची मालक असेल आणि तिने घर स्वतःच्या नावाने, स्वतः राहायला, स्वतःच्या खात्यावर घेतलं असेल, धंद्याच्या खात्यावर नाही, तर हा कर नाही. पण करारात किंवा संमतीपत्रात ‘व्यवसायासाठी’ लिहिलं, किंवा हिशेबात घरभाड्याचा काही भाग धंद्याचा खर्च म्हणून दाखवला, तर ही सूट मागायला तोंड राहत नाही. बरेच जण आयकरात थोडी बचत होईल म्हणून अर्धं भाडं धंद्यात टाकतात आणि जीएसटीच्या बाजूने उघडे पडतात. तुम्ही असं करू नका. भाडं मिस्टरांच्या खात्यातून जात असेल तर तसंच जाऊ द्या, धंद्याच्या वहीत त्याची नोंदच नको.

आता तुमच्या केसमधली खरी गाठ. करार मिस्टरांच्या नावावर आहे आणि नोंदणी तुमच्या नावाने करायची आहे. अर्जात `Nature of possession of premises` असा रकाना येतो, तिथे `Rented` निवडून मिस्टरांच्या नावाचा करार जोडला, तर अधिकारी विचारणारच की अर्जदाराचं नाव करारात कुठे आहे. इथे पुष्कळ अर्ज परत येतात. यातून दोन वाटा निघतात.

एक वाट संमतीपत्राची. `Consent` निवडायचं, काकांनी थेट तुमच्या नावे साध्या कागदावर संमतीपत्र द्यायचं, सोबत त्यांच्या मालकीचा एक कागद, म्हणजे घरपट्टीची पावती किंवा लाइट बिल. यात कराराला हात लागत नाही आणि भाडेकरू मिस्टरच राहतात, ज्यांची जीएसटी नोंदणी नाही, त्यामुळे भाड्यावरच्या कराचा प्रश्न मुळातच उठत नाही. अडचण ही की संमती देणाऱ्याचा ओळखपुरावा जोडावा लागतो. काका आधीच साशंक आहेत, त्यांच्याकडून आधारची प्रत मागायची म्हणजे बोलणं पुन्हा तिथेच जाऊन अडणार.

दुसरी वाट नव्या कराराची, आणि तुमच्यासाठी मी तीच निवडीन, कारण करार दोन महिन्यांत होणारच आहे. नव्या करारात लायसन्सी म्हणून मिस्टर आणि तुम्ही अशी दोघांची नावं घाला, आणि पत्त्याबद्दलचं कलम करारातच घ्या. करार तर नोंदवायचाच असतो, कलम ५५ प्रमाणे ती सक्ती आहे आणि जबाबदारी घरमालकाची आहे. जीएसटीच्या बाजूने नोंदवलेल्या कराराचा मोठा फायदा १७ एप्रिल २०२५ च्या सूचनेत आहे. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाची ही सूचना, क्रमांक ०३/२०२५. तीत स्पष्ट म्हटलं आहे की भाड्याच्या जागेसाठी भाडेकरार आणि मालकीचा कोणताही एक कागद पुरे, आणि करार नोंदवलेला असेल तर घरमालकाचा ओळखपुरावा मागायचा नाही. घरमालकाचं पॅन, आधार, जागेसमोर उभं राहून काढलेला फोटो, हे काहीही नाही. काकांना हे सांगा: ‘काका, तुमचा एकही जास्तीचा कागद लागणार नाही, करार आपण नोंदवतोच आणि लाइट बिल घरी येतंच.’ माझ्या अनुभवात या एका वाक्याने सगळ्यात जास्त फरक पडतो.

करारात घालायचं कलम मी साधारण असं लिहितो:

‘सदर सदनिका लायसन्सी क्र. १ व २ यांना केवळ त्यांच्या व त्यांच्या कुटुंबाच्या राहण्यासाठी दिली आहे. लायसन्सी क्र. २ यांच्या स्वतःच्या मालकीच्या ऑनलाइन विक्रीच्या शासकीय नोंदणीसाठी या सदनिकेचा पत्ता देण्यास लायसन्सर यांची हरकत नाही. या संमतीमुळे सदनिकेचा वापर निवासीच राहतो व त्यासाठी वेगळे शुल्क ठरलेले नाही. सदनिकेत ग्राहक येणार नाहीत, नोकर ठेवले जाणार नाहीत, जिन्यात अथवा सामाईक जागेत माल ठेवला जाणार नाही. कायद्याने आवश्यक तेवढी लहान पाटी दाराशेजारी लावण्यास परवानगी आहे. नोंदणीसंबंधी सर्व कर, दंड व नोटिसा यांची जबाबदारी लायसन्सी क्र. २ यांची राहील. ही संमती कराराच्या मुदतीबरोबर संपेल. सदनिका सोडल्यापासून १५ दिवसांच्या आत लायसन्सी क्र. २ नोंदणीतील पत्ता बदलण्याचा किंवा नोंदणी रद्द करण्याचा अर्ज करतील व त्याची पोच लायसन्सर यांना देतील.’

शब्द तुमच्या वकिलाला बदलू द्या, पण पहिलं वाक्य आणि शेवटची दोन वाक्यं गाळू देऊ नका. पहिल्याने कलम २४ ची भीती जाते, शेवटच्यांनी पत्ता मागे राहण्याची. पाटीचं वाक्य लोक विसरतात आणि मग सोसायटीचे सेक्रेटरी दारात येतात. पाटी म्हणजे दुकानाचा बोर्ड नव्हे. नावाच्या पाटीखाली धंद्याचं नाव आणि जीएसटी नंबर अशी वहीच्या पानाएवढी पट्टी पुरते.

शेवटच्या वाक्यातले १५ दिवस मी मनाने घातलेले नाहीत. धंद्याची जागा बदलली की १५ दिवसांत पोर्टलवर बदलाचा अर्ज, म्हणजे `REG-14`, करायचा असतो. मुख्य जागेचा पत्ता बदलायला अधिकाऱ्याची मंजुरी लागते आणि त्यासाठी त्याला १५ कामकाजी दिवस असतात. धंदा बंदच करत असाल तर `REG-16` ने रद्द करण्याचा अर्ज, आणि नोंदणी रद्द झाल्यावर तीन महिन्यांत `GSTR-10` हे शेवटचं रिटर्न. ते राहिलं तर पुन्हा नोटीस निघते. म्हणजे वर सांगितलेल्या दारावरच्या नोटिशीची सुरुवात कधीकधी या एका विसरलेल्या रिटर्नने होते. आणि दुसऱ्या राज्यात राहायला गेलात तर पत्ता बदलून चालत नाही. इथली नोंदणी रद्द करून तिथे नवी घ्यावी लागते.

काका तरीही कचरत असतील तर मी एक गोष्ट सुचवतो, ती थोडी वादग्रस्त आहे. डिपॉझिटमधली एक ठरलेली लहान रक्कम पत्ता बदलेपर्यंत त्यांनी ठेवून घ्यावी, असं लिहून द्या. भाडेकरूच्या बाजूचे सल्लागार याला नाकं मुरडतात, आणि त्यांचंही चूक नाही, कारण काही घरमालक मग ती रक्कम परत द्यायला टाळाटाळ करतात. म्हणून परतीची अट घरमालकाच्या मर्जीवर ठेवू नका, पोर्टलवर ठेवा: `www.gst.gov.in` वर `Search Taxpayer` मध्ये तुमचा नंबर टाकल्यावर नवा पत्ता दिसला किंवा `Cancelled` दिसलं, की सात दिवसांत रक्कम परत. ही तपासणी करायला लॉगिन लागत नाही, काका स्वतः मोबाइलवर करू शकतात. करारावर बोलायला बसाल तेव्हा त्यांना कोणताही चालू नंबर टाकून हे पान दाखवाच. ‘तुम्ही गेल्यावर मला कसं कळणार?’ हा त्यांचा प्रश्न तिथेच संपतो.

बोलायला प्रत्यक्ष जा, मिस्टरांना घेऊन जा, आणि कलमाचा छापील कागद हातात असू द्या. व्हॉट्सॲपवर ‘काका एक छोटीशी सही हवी होती’ असं पाठवलंत तर त्यांना त्यात काहीतरी लपवल्याचा वास येतो. सुरुवात अशी करता येईल: ‘काका, मागच्या वेळी मी एनओसी म्हणाले ते चुकीचं होतं. मला घराचा वापर बदलायचा नाहीये. आपण करार राहण्यासाठीच करू. मला सरकारी नोंदणीत फक्त पत्ता द्यायचा आहे, आणि आम्ही घर सोडू तेव्हा तो काढून देण्याची जबाबदारी माझी, हे करारातच लिहिलंय. हा कागद तुमच्याकडे ठेवा, मुलाला किंवा वकिलांना दाखवा, घाई नाही.’ कागद ठेवून निघून या. त्याच बैठकीत होकार घ्यायचा हट्ट धरू नका.

ते काही ठरावीक प्रश्न विचारतील. ‘तू कर भरला नाहीस तर माझा फ्लॅट जप्त होईल का?’ कर नोंदणी असलेल्या व्यक्तीचा असतो, घरमालकाचा नाही, आणि तुमच्या धंद्यात त्यांची भागीदारी नाही. पण अधिकारी तपासणीला या जागी येऊ शकतात, हे खरं आहे आणि ते लपवू नका. ‘घरपट्टी वाढेल का, मीटर कमर्शियल होईल का?’ हे प्रत्यक्ष वापरावर ठरतं. एका खोलीत एक मशीन आणि कपाटभर कापड ही एक गोष्ट, हॉलमध्ये चार शिलाई कामगार बसवणं ही दुसरी. दुसऱ्या प्रकारात घरमालकांची भीती रास्त आहे, आणि तसं करायचं असेल तर फ्लॅटचा पत्ता सोडा आणि गाळा बघा. सोसायटीबद्दल विचारलं तर सांगा की जीएसटीला सोसायटीचा कागद लागत नाही, तरी सेक्रेटरींच्या कानावर घालून ठेवू. कुरिअरवाल्यांची ये-जा हीच सोसायटीची खरी तक्रार असते, ती रोज एकाच वेळी एकच पिकअप ठेवून बरीच कमी होते.

होकार मिळाला आणि करार नोंदवला, की अर्ज लगेच करा. मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचेच द्या, सल्लागाराचे देऊ नका. माझेसुद्धा नकोत. पुढच्या सगळ्या नोटिसा आधी तिथे येतात. अर्जातला पत्ता करारात आणि लाइट बिलावर जसा आहे तसाच टाका. बिलावर इमारतीचं जुनं नाव आणि करारात नवं, असा फरक असेल तर घरपट्टीच्या पावतीवर काय आहे ते पाहून ज्याचा मेळ बसतो तो कागद जोडा. आधार पडताळणी झाली आणि जागा पाहायची गरज वाटली नाही तर सात कामकाजी दिवसांत निर्णय येतो, जागा पाहायची ठरली तर ३० दिवसांपर्यंत जातं. अधिकारी येईल त्या दिवशी घरी कोणीतरी असावं आणि करार हाताशी असावा. कुलूप दिसलं तर अर्ज नाकारला जाण्याची पाळी येते.

कधीकधी तरीही शंका निघते, `REG-03` येतो: घरमालकाचं आधार जोडा, किंवा राहत्या घरातून हा धंदा कसा करणार ते सांगा. घाबरून काकांकडे धावू नका. सात कामकाजी दिवसांत `REG-04` मध्ये उत्तर द्यायचं असतं. त्यात करार नोंदवलेला असल्याचं लिहा, दस्त क्रमांक द्या, आणि वर सांगितलेल्या सूचनेचा क्रमांक व तारीख टाका. त्याच सूचनेत अधिकाऱ्यांना सांगितलं आहे की ‘या जागेतून असा धंदा होऊच शकत नाही’ अशा अंदाजावर आधारलेल्या शंका काढू नयेत. उत्तर चार ओळींचं आणि शांत ठेवा. मुदत चुकवलीत तर मात्र अर्ज नाकारला जाऊ शकतो, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आणि सगळं करूनही काका नाहीच म्हणाले तर? ते म्हणू शकतात, जागा त्यांची आहे. मग सासर-माहेरचं याच राज्यातलं कोणाचं स्वतःचं घर असेल तर त्यांचं साध्या कागदावरचं संमतीपत्र, ओळखपुरावा आणि घरपट्टीची पावती घेऊन तो पत्ता मुख्य जागा म्हणून देता येतो. पण तिथे खरोखर काहीतरी चाललं पाहिजे, निदान माल आणि हिशेबाची कागदपत्रं तिथे असली पाहिजेत. हिशेब मुख्य जागी ठेवायचे हा कायदाच आहे, आणि सांगितलेल्या जागी धंदा चालत नाही असं आढळलं तर त्या कारणावर नोंदणी रद्द होते. तेही जमत नसेल, तर नोंदणी होईपर्यंत राज्यातल्या राज्यात विका. त्या एनरोलमेंटलाही पत्ता लागतोच, पण तोवर काकांशी पुन्हा बोलायला पुढच्या करारापर्यंत वेळ मिळतो, आणि वर्षभर जिन्यात एकही खोका न ठेवता काम केलेलं त्यांनी पाहिलेलं असतं.